मला सगळे स्वच्छ ऐकू येतात, माझा आवाज मात्र डब्यातून बोलल्यासारखा जातो

निशिगंधा_क

तीन आठवडे हा त्रास चालू आहे, शेवटी धागा काढतेय. घरून काम करते, दिवसाला चार-पाच कॉल असतात, सगळे लॅपटॉपवर ब्राउझरमधून. सकाळच्या कॉलना काही म्हणजे काही होत नाही. दुपारी साडेतीननंतर मात्र ठरल्यासारखं सुरू होतं. आधी कोणीतरी म्हणतं "तुझा आवाज रोबोसारखा येतोय", मग "शेवटचं वाक्य गेलं, परत सांग". आणि मला मात्र प्रत्येकाचा आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा येतो!

आतापर्यंत हेडसेट नवीन घेतला, ब्राउझर बदलला, राउटर दहा वेळा बंद-चालू केला. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड ९४ आणि अपलोड ५ एमबीपीएस दाखवतो. इंटरनेटवाल्यांना फोन केला तर ते म्हणतात लाइन उत्तम आहे. मग बिघडलंय काय?

आबा७७

माइकच्या भोकात धूळ जाते. माझ्या फोनचं असंच झालं होतं, आवाज दबका जायचा. मऊ ब्रशने साफ केलं आणि काम झालं.

निशिगंधा_क

आबा, हेडसेट कोरा आहे हो. आणि धूळ सकाळी सुट्टीवर जाते का? :)

सरळसोट

नेटवर्कचा संबंधच नाही, साधं गणित करा. कोडेक म्हणजे आवाज आकड्यांत बांधायची पद्धत. जुना जी.७११ कोडेक धरला तरी आवाजाला ६४ केबीपीएस लागतात, वरचं वेष्टण धरून ८०. तुमचा अपलोड ५ एमबीपीएस आहे, म्हणजे एका वेळी साठ कॉल चालतील. एक कॉल न चालायला काय झालं? दोष कोडेकचा आहे. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये हलका कोडेक मिळाला तर तो निवडा, पॅकेट लहान होतील आणि गळती थांबेल.

तारवाला

सरळसोट, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकलाय. रस्ता कितीही रुंद असू दे, पुढे फाटक बंद असेल तर सायकललाही थांबावंच लागतं. आवाजाला जागा किती लागते हा इथे प्रश्नच नाही. त्याला रांगेत किती वेळ उभं राहावं लागतं, हा आहे.

हलक्या कोडेकचंही तेच. जी.७२९ फक्त ८ केबीपीएसचा. म्हणजे २० मिलिसेकंदांच्या आवाजाला २० बाइट. पण प्रत्येक पॅकेटवर पत्ता वगैरेचं ४० बाइटचं वेष्टण असतंच. तेव्हा ८० चे २४ केबीपीएस होतील, पण सेकंदाला पॅकेटं तेव्हाही ५० आणि आताही ५०. हरवतं ते अख्खं पॅकेट. ते लहान होतं म्हणून हरवायचं राहत नाही. उलट अशा कोडेकमध्ये प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यांच्या आधाराने उलगडतो, त्यामुळे एक गेला की पुढचे एक-दोन पण वाकडे येतात. जी.७११ मध्ये जेवढं गेलं तेवढंच गेलं.

निशिगंधा, तुमच्या तक्रारीत उत्तर अर्धं आलंच आहे. तुम्हाला नीट ऐकू येतं, त्यांना येत नाही, म्हणजे जाणारी दिशा आजारी आहे. आणि वेळ ठरलेली आहे. साडेतीनला घरात कोण काय वर चढवतं ते शोधा. आणि त्या वेळी हे चालवून इथे टाका:

```
ping -t 8.8.8.8
```

निशिगंधा_क

घ्या. कॉल चालू असताना, पावणेचारला (मधल्या ओळी गाळल्यात):

```
Reply from 8.8.8.8: bytes=32 time=19ms TTL=117
Reply from 8.8.8.8: bytes=32 time=388ms TTL=117
Reply from 8.8.8.8: bytes=32 time=742ms TTL=117
Request timed out.
Reply from 8.8.8.8: bytes=32 time=811ms TTL=117
Reply from 8.8.8.8: bytes=32 time=203ms TTL=117
```

सकाळी हाच आकडा १७ ते २२ मध्ये हलत नव्हता.

आणि हो, चोर घरातलाच निघाला. नवरा व्हिडिओ एडिटिंग करतो, त्याच्या मशीनवर रोज साडेतीनला फायलींचा बॅकअप क्लाउडवर चढायला लागतो. पण स्पीड टेस्ट मी साडेचारलासुद्धा करून पाहिली होती, तेव्हा अपलोड बरा आला होता. ते कसं?

तारवाला

स्पीड टेस्ट बॅकअपशी भांडून आपला वाटा काढून घेते, आणि बहुतेक जण मोठा आकडा बघून खूश होतात. किती माल गेला हे ती सांगते. प्रत्येक डबा किती वेळ अडकला हे विचारायला पिंग लागतो.

तुमच्याकडे काय होतंय ते सांगतो. मोडेममध्ये बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची रांग असते. ती जेवढी मोठी तेवढी चांगली, असं बनवणाऱ्याला वाटतं, कारण काही फेकून द्यावं लागत नाही. बॅकअपचा स्वभाव असा की वाट मिळेल तितकं ढकलायचं, पॅकेट पडेपर्यंत. तुमच्या ५ एमबीपीएसला रांगेत ५०० किलोबाइट साचले की ४० लाख बिट झाले, ते बाहेर पडायला पाऊण सेकंदाहून जास्त लागतो. ८११ चा आकडा तिथून आला. आता तुमच्या आवाजाचं २०० बाइटचं पॅकेट त्या रांगेच्या शेपटीला येऊन उभं राहतं. त्याच्या पुढे सगळा व्हिडिओ.

रांग भरली की नवीन येईल ते पडतं, मग ते फाइलीचं असो की तुमच्या शब्दाचं. फाइलीचं पडलं तर ते परत पाठवतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. आवाजाचं परत पाठवून उपयोग नाही, तोवर वाक्य पुढे गेलेलं असतं. पडझड झाली की बॅकअप थोडा वेग कमी करतो, रांग ओसरते, पिंग २०३ वर येतो, आणि मग परत चढाई. हा करवतीच्या दात्यांसारखा चढउतार तुमच्या ओळींत दिसतोच आहे.

एक विचारतो. लोक तुमचं बोलणं मध्येच तोडतात का?

निशिगंधा_क

हो!! मी उत्तर द्यायला सुरुवात करते आणि त्याच क्षणी समोरून "हॅलो, आहेस का?" मला वाटायचं एका सहकाऱ्याला धीरच नाही. मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्यात त्याला.

तारवाला

माफी मागून टाका :) त्याचा प्रश्न तुम्हाला लगेच पोचत होता, तुमचं उत्तर त्याच्याकडे पाऊण सेकंदाने जात होतं. आयटीयू या जागतिक दूरसंचार संस्थेची जी.११४ नावाची शिफारस आहे, तिच्यात एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषणाला बाधा येत नाही असं धरलंय, आणि ४०० च्या पुढे जाऊच नये असं. तुम्ही त्याच्या दुप्पट होता.

कुहू

तारवाला, नुसता उशीर समजला. पण रोबो का? उशिरा आला तर आवाज उशिरा यावा, धातूचा का व्हावा?

तारवाला

हा खरा प्रश्न.

ऐकणाऱ्याच्या बाजूला पॅकेटं येतील तशी वाजवत नाहीत. आधी छोट्या साठवणीत घेतात, त्याला जिटर बफर म्हणतात, आणि तिथून २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे एका लयीत सोडतात. पॅकेट थोडं मागेपुढे आलं तर साठवण सांभाळून घेते. पण २०० वरून एकदम ८०० वर गेलं तर साठवण रिकामी होते. वाजवायची वेळ झाली आणि हातात तुकडा नाही.

आता शांतता ठेवली तर टक टक ऐकू येईल, म्हणून डिकोडर थाप मारतो. बोलताना स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा कंप पावतात, त्यामुळे आवाजात एकच आकार थोडाथोडा बदलत पुन्हापुन्हा येतो. डिकोडर शेवटचा आकार उचलतो आणि तोच छापत राहतो. २० मिलिसेकंदांपुरतं हे चालून जातं, कानाला कळत नाही. पण सलग दोन-तीन पॅकेटं नसली की तोच आकार शिक्का मारल्यासारखा तंतोतंत उमटतो. खऱ्या गळ्यात दोन कंप कधीच हुबेहूब नसतात. तो हुबेहूबपणा कानाला धातूसारखा लागतो. तुमचा रोबो तो हाच.

आणि ही थाप अनंत काळ मारता येत नाही. जी.७११ च्या परिशिष्टात जी पद्धत दिली आहे तिच्यात पहिल्या १० मिलिसेकंदांनंतर आवाज उतरवायला लागतात आणि ६० ला पूर्ण शांतता. तेव्हा "रोबोसारखा येतोय" आणि "तुटला" हे दोन आजार नाहीत, एकाच आजाराच्या पायऱ्या आहेत. एक पॅकेट गेलं तर कळत नाही, दोन-तीन गेली तर रोबो, चार-पाच गेली तर गायब.

तिसरी एक गोष्ट, कोणी नीट वर्णन करत नाही पण सगळ्यांनी ऐकलेली असते. शब्द आधी ताणल्यासारखा येतो आणि मग पुढचं वाक्य भरभर पळतं. ते साठवणीचं काम. पॅकेटं उशिरा यायला लागली की ती आवाज किंचित ताणून वेळ काढते, मग एकदम ढीग आला की दाबून वाजवून बरोबरी करते.

सरळसोट

मान्य, रांगेचा मुद्दा मी धरला नव्हता. पण मग कोडेकला काहीच महत्त्व नाही असं म्हणायचंय का? माझ्या ऑफिसात जुने डेस्क फोन काढून ऑपसवाली प्रणाली आली तेव्हा फरक जाणवला होता, नेटवर्क तेच.

तारवाला

महत्त्व आहे, पण तुम्ही म्हणालात त्या कारणाने नाही. ऑपस २०१२ मध्ये प्रमाणित झाला. त्याच्यात एक युक्ती आहे: पुढच्या पॅकेटात आधीच्या पॅकेटाची जाडीभरडी नक्कल ठेवता येते. एकटंदुकटं पॅकेट हरवलं तर पुढच्यातून ते काढून घेतात, अंदाजाने शिक्के मारायची गरज पडत नाही. वायफायवर अधूनमधून गळतं त्याला हे औषध आहे. निशिगंधांच्या रांगेत सलग आठ-दहा पडतात, तिथे पुढच्या पॅकेटात ठेवलेली नक्कलही त्याच्याबरोबर बुडते.

शिवाय तुमच्या जुन्या फोनवर आवाज ३४०० हर्ट्झच्या आसपास कापला जात असणार, "स" आणि "फ" सारखेच ऐकू यायचे. नव्यात तो वरचा भाग मिळतो. तो स्वच्छपणा वेगळा आणि न तुटणं वेगळं.

कुहू

माझी तक्रार जोडू का? मला माझाच आवाज अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येतो. फक्त बहिणीशी बोलताना. मी तीन हेडफोन बदलले, काही फरक नाही.

तारवाला

चौथा घेऊ नका. प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो त्याचं काहीच बिघडलेलं नसतं. तुमचा आवाज बहिणीच्या स्पीकरमधून निघतो, तिच्या माइकमध्ये शिरतो आणि तुमच्याकडे परततो. तिला म्यूट करायला सांगा आणि बोला. बंद झाला तर पुरावा मिळाला. चार-पाच जणांच्या कॉलमध्येही हाच उपाय, एकेकाला म्यूट करत जायचं.

तिच्याकडे प्रतिध्वनी काढणारी यंत्रणा असतेच. स्पीकरला आत्ता काय पाठवलं हे तिला माहीत असतं, ते ती माइकमधून वजा करते. ती का फसते हे शोधायला हवं. कॉल कशावरून घेते ती?

कुहू

लॅपटॉपवर, पण आवाज लॅपटॉपचा बारीक येतो म्हणून ब्लूटूथ स्पीकर लावलाय. आणि भाचीही त्याच खोलीत टॅबवरून त्याच कॉलमध्ये असते बऱ्याचदा.

तारवाला

मग यंत्रणेची दया येते. ब्लूटूथ स्पीकर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा वाजवतो आणि तो उशीर एकसारखाही राहत नाही. वजाबाकी करायची पण कधी, हेच कळत नाही. टॅबचं तर आणखी अवघड. टॅबच्या स्पीकरवर काय वाजतंय हे लॅपटॉपला ठाऊकच नाही, तो तुमचा आवाज खोलीतलं बोलणं समजून इमानदारीत पाठवतो. दोघींपैकी एकीने कॉल सोडून दुसरीच्या शेजारी बसावं, किंवा टॅबचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवावेत.

निशिगंधा_क

म्हणजे प्रतिध्वनीचा नेटवर्कशी संबंध नाही?

तारवाला

पुसटसा आहे. परत येणारा आवाज बऱ्याचदा असतोच, पण पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या आत आला तर तो आपल्या बोलण्यातच मिसळून जातो. नेटवर्कवर भार येऊन उशीर वाढला की तोच आवाज वेगळा होऊन ऐकू येतो. भाराने प्रतिध्वनी तयार होत नाही, लपलेला उघडा पडतो.

भटक्या_

माझं वेगळंच आहे. एकाच जागी, एकाच फोनवर, साधा कॉल स्वच्छ आणि अ‍ॅपवरचा कॉल चाळणी. संध्याकाळी गर्दीच्या वेळी. सिम तेच, टॉवर तोच. कंपन्या मुद्दाम अ‍ॅपचे कॉल खराब करतात असं मला एकाने सांगितलं.

सरळसोट

करत असतीलच.

तारवाला

मुद्दाम काही करायची गरजच नाही. ४जी वरचा साधा कॉल, म्हणजे व्होल्टी, टॉवरकडून स्वतःसाठी वेगळी वाट घेऊन चालतो. प्रमाणांत त्या वाटेला क्यूसीआय १ म्हणतात, तिला ठरावीक वेग राखून ठेवलेला असतो आणि १०० मिलिसेकंदांची मर्यादा. अ‍ॅपचा कॉल टॉवरच्या लेखी बाकीच्या डेटासारखाच डेटा. शेजारचा माणूस व्हिडिओ बघतोय आणि तुम्ही अ‍ॅपवर बोलताय, दोघं एकाच रांगेत. रात्री उशिरा तोच अ‍ॅप स्वच्छ चालतो का बघा. चालला तर गर्दीच आहे.

भटक्या_

रात्री ठीक असतं, खरंय. पण साध्या कॉलमध्येही कधीकधी दोन सेकंद पूर्ण शांतता येते, मग सगळं पूर्ववत. प्रवासात नाही, घरी बसून. तेव्हा रोबोही होत नाही. थेट गप्प.

तारवाला

घरी बसल्याबसल्या फोन दोन टॉवरांच्या मध्ये हेलकावत असेल, तर बदलताना असा खंड पडू शकतो. पण दोन सेकंद जास्त वाटतात. खिडकीशी आणि आतल्या खोलीत, दोन्हीकडे मोजून बघा. इतक्यावरून ठाम सांगणार नाही.

आबा७७

माझा फोनपण दोन सेकंद गप्प होतो. मी तेव्हा ब्रशने साफ करतो.

निशिगंधा_क

अपडेट. नवऱ्याच्या बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये अपलोडची मर्यादा सापडली, ३ एमबीपीएस लावली. बॅकअप चालू, कॉल चालू, पिंग २० ते ४० मध्ये! दोन दिवस कोणी एकदाही रोबो म्हणालं नाही. बॅकअपला मात्र आता वेळ लागतो आणि त्याची तक्रार मला ऐकावी लागतेय, अगदी स्वच्छ आवाजात.

त्या प्रोग्रॅमवर अवलंबून न राहता काही करता येईल का? उद्या दुसरं कोणी काही चढवायला लागलं की परत तेच.

तारवाला

राउटरच्या सेटिंगमध्ये `SQM` किंवा `fq_codel` किंवा `CAKE` असं काही दिसतं का बघा. असेल तर अपलोडला मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्के लावा, तुमच्याकडे साधारण ४३०० केबीपीएस. वेग थोडा सोडायचा, त्या बदल्यात रांग मोडेमऐवजी तुमच्या राउटरमध्ये लागते. आणि राउटर तिथे एकच लांब रांग न लावता प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने सोडतो, त्यामुळे तुमचं छोटं पॅकेट व्हिडिओच्या मागे अडकत नाही. नसेल तर बॅकअपची मर्यादाच बरी. नुसता जास्त वेगाचा प्लॅन घेऊ नका, बॅकअप तोही भरून टाकेल, फक्त लवकर संपेल.

आणि ब्राउझरमधूनच बोलता ना? कॉल चालू असताना दुसऱ्या टॅबमध्ये `chrome://webrtc-internals` उघडा. त्यात `remote-inbound-rtp` मध्ये तुमच्याकडून गेलेलं पलीकडे कसं पोचलं ते दिसतं, `packetsLost`, `jitter` आणि `roundTripTime`. पलीकडे म्हणजे बहुतेक वेळा मधला सर्व्हर, तुमचा सहकारी नव्हे. `inbound-rtp` मधले आकडे तुम्हाला काय ऐकू येतंय त्याचे. पुढच्या वेळी कोणी रोबो म्हणालं की आधी हे दोन शेजारीशेजारी बघायचे.

निशिगंधा_क

राउटरमध्ये `SQM` नाही सापडलं, मर्यादेवरच भागवते.

पण एक नवीन निघालं. आज स्वयंपाकघरातून कॉल घेतला, एक-दोनदा रोबो झालाच, बॅकअप बंद असताना. मग राउटरलाच पिंग केलं:

```
ping -t 192.168.1.1
```

टेबलाशी बसून ३-४ मिलिसेकंद. स्वयंपाकघरात मध्येच ९०, १८०, मग परत ४. राउटर तर घरातच आहे, तिथपर्यंत जायला १८०?

तारवाला

मग ही रांग बाहेरची नाहीच, वायफायची आहे. तो हेडसेट ब्लूटूथ आहे का? आणि लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर आहे की ५ वर?

निशिगंधा_क

ब्लूटूथच. आणि २.४ वर, आता बघितलं. दोन्ही एकाच पट्ट्यात येतात ना? उद्या ५ वर टाकून आणि वायरचा हेडसेट लावून, एकेक करून बघते आणि सांगते.